सॅम्पलचे दोन टॉवेल

"फुकट सॅम्पल मागितलं की कारखानदार आपल्याला किरकोळ गिऱ्हाईक समजतो. मग मागायचं तरी कसं?"

नुसतं "सॅम्पल पाठवा" म्हणाल तर तसंच समजेल. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखानदारांकडे असे फोन सारखे येतात, आणि त्यातले बरेच जण पुन्हा फोन करत नाहीत. म्हणून आधी आपली गरज सांगायची. मी लॉजसाठी माल घेतो, तेव्हा असं बोलतो: "पांढरा टॉवेल, तीस बाय साठ इंच, साडेचारशे जीएसएम, महिन्याला दोनशे नग लागतील. चालू लॉटमधले दोन नग द्या, कुरिअर माझ्याकडे." एवढं ऐकल्यावर समोरचा दराचं बोलायला लागतो. तयार मालातले दोन नग फुकट मागण्यात संकोच नको. मात्र लॉजचं नाव विणून हवं असेल, तर माग वेगळा लावावा लागतो. त्याचे पैसे द्यावेत आणि पहिल्या बिलात वळते करून घ्यावेत.

"चालू लॉटमधले" हा शब्द मी सोडत नाही. खास सॅम्पलसाठी निवडून काढलेला नग चांगलाच असणार, त्यावरून पुढच्या मालाचं काही कळत नाही.

आता दोन नग कशाला? एक धुवायचा, एक तसाच ठेवायचा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. तीस बाय साठ इंचाचा टॉवेल साधारण अकरा हजार सहाशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे १.१६ चौरस मीटर भरतो. साडेचारशेने गुणलं की ५२२ ग्रॅम. घरच्या काट्यावर नवा टॉवेल ५२० भरला, तरी लगेच खूश होऊ नये. तीनदा धुऊन, कडकडीत वाळवून पुन्हा तोला. ४७० वर आला, तर गेलेलं वजन बहुतेक सुताचं नव्हतं, खळीचं आणि फिनिशचं होतं. तुम्ही सुताच्या भावाने खळ विकत घेणार होतात. थोडाफार फरक हवेतल्या ओलाव्यानेही पडतो, तो सोडून द्यावा.

पाणी शोषण्याची परीक्षाही धुतलेल्या नगावरच घ्यावी, कारण नव्या टॉवेलवर सॉफ्टनर असेल तर थेंब वरच घरंगळतो. धुतल्यावरही थेंब तसाच बसून राहिला, तर तो टॉवेल लॉजच्या कामाचा नाही. त्याच वेळी लांबी मोजा आणि काठाजवळचे लूप ओढले जातात का ते बघा.

न धुतलेला नग मधोमध कापायचा. दोन्ही तुकड्यांवर वजन, माप, तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. एक तुकडा कारखानदाराकडे, एक आपल्याकडे. वजनात किती टक्के कमी-जास्त चालेल तेही तिथेच लिहून घ्यावं, मी पाच टक्के धरतो. माल आला की कुठल्याही गठ्ठ्यातले दहा नग एकत्र तोलून, तुकड्याशेजारी ठेवून बघतो, आणि पैसे त्यानंतर देतो.