एकच फाईल, दोन नावं आणि गोदामात नसलेलं १८६ क्विंटल सोयाबीन

दसरा-दिवाळीच्या मधले दिवस म्हणजे लातूर भागात सोयाबीनची झुंबड. एका शेतकरी उत्पादक कंपनीचं खरेदीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. प्रत्येक केंद्रावरून संध्याकाळी दिवसभराच्या पावत्यांची सीएसव्ही फाईल अपलोड होते आणि त्यावरून साठा व शेतकऱ्यांचं देणं आपोआप लागतं.

एका सकाळी गोदामवाल्या काकांचा फोन आला. "सायेब, तुमच्या कॉम्प्युटरात १८६ क्विंटल माल जास्तीचा दाखवतोय. हितं तर पोती मोजून बसलोय मी."

शोधलं तर औशाच्या केंद्रावरून दोन फाईली आल्या होत्या, `soyabean_16.csv` आणि `soyabean_16 (1).csv`. दोन्हींत त्याच ४१ पावत्या. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "नेट गेलतं दादा, म्हणून परत डाउनलोड करून टाकली." दुसऱ्यांदा उतरवलेल्या फाईलीला ब्राउझरनं (1) जोडला होता. माझा प्रोग्राम मात्र फक्त नाव बघायचा. चूक पोराची नव्हती. पैसे सुटायचे होते, एवढंच नशीब.

नाव सोडून आतला मजकूर ओळखायचा, तर हॅश काढावा लागतो. एसएचए-२५६ हे फाईलीतल्या सगळ्या बाइट्सवरून ६४ अक्षरी ठसा काढतं. नाव हे त्या बाइट्समध्ये नसतंच, त्यामुळे ते कितीही बदललं तरी ठसा तोच राहतो. मोठी फाईल एकदम मेमरीत न घेता तुकड्यातुकड्यानं वाचली:

```python
h = hashlib.sha256()
while chunk := f.read(1024 * 1024):
    h.update(chunk)
```

हा ठसा आधी आलाय का, हे आधी विचारायचं आणि मग नोंदवायचा, असं मी सुरुवातीला लिहिलं होतं. पण पोरानं बटण घाईत दोनदा दाबलं, तर दोन्ही विनंत्यांना "नाही आला" असंच उत्तर मिळू शकतं. म्हणून `sha256` या रकान्यावर युनिक इंडेक्स लावला आणि निवाडा पोस्टग्रेसवर सोपवला:

```sql
INSERT INTO uploads (sha256, file_name)
VALUES (%s, %s)
ON CONFLICT (sha256) DO NOTHING
RETURNING id;
```

आयडी परत आला तर फाईल नवी. काहीच आलं नाही तर ती आधीच येऊन गेलेली.

रात्री हे चालू केलं आणि खुशीत झोपलो. दुसऱ्या संध्याकाळी एकाही केंद्राची एकही पावती चढली नाही! फाईली नोंदल्या गेल्या होत्या, एररही नव्हती, पण ओळी शून्य. पोरं पुन्हा अपलोड करत होती आणि माझा प्रोग्राम त्यांना ठणकावून सांगत होता, "ही फाईल आधीच मिळाली आहे."

तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं. हॅश काढताना फाईल शेवटपर्यंत वाचून झालेली असते. पावत्या वाचणारा भाग तिथून पुढे वाचायला जातो आणि त्याला काहीच मिळत नाही. मधे `f.seek(0)` ही एक ओळ राहिली होती.

ती घातली, पण खरं दुखणं वेगळं होतं. काम न होताच ठसा जमा होत होता, म्हणजे एकदा फसलेली फाईल कायमची दाराबाहेर. आता ठशाची नोंद आणि पावत्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात. मधे काही बिघडलं तर पावत्यांसोबत ठसाही पुसला जातो आणि तीच फाईल पुन्हा घेता येते. शून्य ओळी निघाल्या तर मी मुद्दाम एरर देतो. त्याच वेळी दुसरी तीच फाईल आली, तर पहिलीचा निकाल लागेपर्यंत पोस्टग्रेस तिला थांबवून धरतं. हे मला आयतंच मिळालं.

त्या दिवशी चुकून जमा झालेले ठसे हातानं पुसले.

आठवड्यानं निलंग्याहून परत दुबार पावत्या आल्या, आणि या वेळी ठसे वेगळे. त्या केंद्रावरच्या ताईंनी फाईल एक्सेलमध्ये उघडून नुसती सेव्ह केली होती. `2024-10-16` चं `16-10-2024` झालं. माणसाला तारीख तीच, पण बाइट बदलले की ठसा पार बदलतो. थोडासा बदल झाला म्हणून थोडासाच वेगळा ठसा, असं होत नाही. तारखा एका साच्यात आणून मग हॅश काढावा असं वाटलं होतं, पण एक्सेल आणखी काय काय बदलेल याचा हिशोब कुठे ठेवत बसणार?

शेवटी पावत्यांच्या टेबलावरच केंद्र, हंगाम आणि पावती क्रमांक मिळून दुसरा युनिक इंडेक्स लावला. तीच फाईल वेगळ्या नावानं आली तर हॅश दारातच अडवतो. सेव्ह होऊन वेगळी झालेली आत येते, पण तिच्यातल्या जुन्या पावत्या या इंडेक्सला अडतात आणि पडद्यावर त्यांची यादी दिसते. ताई ती यादी बघून मला फोन करतात, "दादा, ह्या ३८ पावत्या कालच्याच हायत ना?"