कडा साफ, तरी शेक?

"गालातली कॅन्सरची गाठ पूर्ण निघाली, कडा साफ आल्या म्हणून तुम्हीच सांगितलं. मग आता रेडिएशनचा शेक कशाला, अन् वरून केमो?"

कडा साफ म्हणजे गालातली जागा साफ. पेशी तिथून आधीच निसटल्या होत्या का, हे कडेवरून कळत नाही. ते रिपोर्टात खालच्या तीन ओळींत असतं, आणि त्याच कोणी वाचत नाही.

लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन म्हणजे पेशी बारीक रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत शिरलेल्या. पेरिन्यूरल म्हणजे त्या नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, आवरणालगत किंवा आवरणाच्या आत सरकलेल्या. यांतलं काही दिसलं तर शेकाचा विचार होतो. तेवढ्यावर केमो सहसा देत नाहीत. गाठ लहान आणि एकाच बारीक नसेशी पेशी दिसल्या, तर शेक द्यावा का यावर आम्हा डॉक्टरांतही एकमत नसतं, हे कबूल.

तिसरी ओळ वेगळी. एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन. मानेतली लसीकाग्रंथी मिटलेल्या बोंडासारखी कवचात असते. कॅन्सर आत आहे तोवर एक गोष्ट. बोंड उकललं की कापूस आजूबाजूला लोंबतो.

जालन्याकडच्या एका शेतकऱ्याचा रिपोर्ट घ्या. गालातली गाठ 2.2 सेंमी, खोली 7 मिमी, सगळ्यात जवळची कड 6 मिमी दूर. मानेतल्या 28 ग्रंथींपैकी एकीतच कॅन्सर, तीही त्याच बाजूची, 1.4 सेंमीची. कवच शाबूत असतं तर ती ग्रंथींच्या प्रतवारीत एन1. कवचाबाहेर 1 मिमी पेशी दिसल्या, म्हणून एन2ए, आणि तिसरी स्टेज थेट चौथीत गेली. घरच्यांना ऐकू आलं ते "कडा साफ" एवढंच. सोयाबीन काढणीला आलेलं. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवा. हे चौदाव्या आठवड्यात आले, तेव्हा टाक्यांखाली मानेत घट्ट, न हलणारी गाठ होती. शेक वेळेवर घेतला असता तर ती आलीच नसती, असं छातीठोक सांगता येत नाही. तरी तुमचा प्रश्न ऐकला की तीच मान आठवते.

आता केमोचं. युरोप आणि अमेरिकेतले दोन मोठे अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाले. दोन्ही एकत्र तपासले तेव्हा कवच फुटलेल्या किंवा कडेवर पेशी राहिलेल्या रुग्णांनाच शेकासोबत सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचा फायदा स्पष्ट दिसला. म्हणून शेक साधारण 60 ते 66 ग्रे, सहा-साडेसहा आठवडे, आणि त्यासोबत ते औषध दर आठवड्याला किंवा तीन आठवड्यांनी. पण मूत्रपिंड कमजोर किंवा ऐकू कमी येत असेल तर ते झेपत नाही.

पूर्वी मीही म्हणायचो, 1 मिमीसाठी एवढं? त्या अभ्यासांनी मिलीमीटर वेगळे मोजले नव्हते. म्हणजे तो प्रश्न चुकीचा नव्हता, अजूनही नाही. पण 1 मिमीला केमो टाळावा, असंही त्यांतून निघत नाही. तुम्ही मात्र टाके निघण्याची वाट न पाहता दात दाखवून घ्या; किडलेला काढावा लागला तर जखम भरायला दहा-पंधरा दिवस जातात, आणि ते याच सहा आठवड्यांतून जातात.