पंचेचाळीस दिवसांची उधारी

साठवलेल्या दोन लाखांवर सुरू केलेला आमचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आजवर रोखीच्या विक्रीतूनच वाढला. गिऱ्हाइकाचे पैसे आले की त्यातूनच पुढची मिरची घ्यायची. आज मात्र एका मोठ्या दुकानसाखळीची दरमहा ५०० किलोंची मागणी मला नाकारावी लागली. किलोमागे खर्च २६० रुपये, दर ४०० रुपये, म्हणजे नफा चांगलाच. पण पैसे माल पोचल्यावर पंचेचाळीस दिवसांनी मिळणार आणि तोवर दुसऱ्या महिन्याचाही माल द्यावा लागणार, म्हणजे २ लाख ६० हजार आधीच अडकणार. खात्यात दीड लाख आहेत. महिन्याला २०० किलो चालतील का, असे विचारून आले आहे. डंकावरून परतताना अंगावरच्या तिखटाच्या वासाने जीव हळहळला.