मीटर बंद पडले

शेतीपंपाच्या स्टार्टर पॅनेलचं माहितीपुस्तक मराठीत करायचं काम आमच्याकडे आलं होतं. पुस्तक लहानसंच. पॅनेल भिंतीवर कसं बसवायचं, वायरी कुठे जोडायच्या, मोटर चालू-बंद कशी करायची आणि शेवटी बिघाडांचा तक्ता. अर्धं मी केलं, अर्धं माझ्या सहकारी ताईंनी. दोघांचं जोडून पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या सर्व्हिस विभागातल्या गृहस्थांचा फोन आला.

"ते तक्त्यात 'मीटर बंद पडले असल्यास' लिहिलंय ना, तिथे नक्की किती मीटर पडलेत? एक की दोन्ही?"

प्रश्न रास्त होता. पॅनेलच्या दारावर दोन मीटर असतात, एक व्होल्ट दाखवणारा आणि एक अँपिअर दाखवणारा. दोन्ही पडले तर आधी पॅनेलपर्यंत वीज येते का ते बघायचं. एकच पडला तर त्याच्या मागच्या वायरी बघायच्या. म्हणजे पान तेच, पण करायचं काम वेगळं.

तक्ता ताईंनी केला होता. त्यांच्या तोंडी मीटर नपुंसकलिंगी, ते मीटर. तेव्हा 'मीटर बंद पडले' म्हणजे एकच पडलं. माझ्या तोंडी तो मीटर. मी तेच वाक्य तपासताना वाचलं, दोन मीटर पडले असा अर्थ घेतला आणि खुशाल पुढे गेलो. दोघांचंही मराठी बरोबर आणि वाक्यात कानामात्रेची चूक नाही. गोम अशी की लेखी मराठीत नपुंसकलिंगी एकवचनाचं क्रियापद आणि पुल्लिंगी अनेकवचनाचं क्रियापद हुबेहूब सारखं दिसतं. पान पडले, आंबे पडले. बोलताना आपण 'पान पडलं' म्हणतो, म्हणून घोटाळा होत नाही. हा लेखही मी तसाच 'पडलं-झालं' करत लिहितोय. पण माहितीपुस्तकाला इस्त्रीची भाषा लागते, तिथे 'पडलं' चालत नाही. त्यात भर म्हणजे 'मीटर' शब्द स्वतः अनेकवचनात बदलत नाही. 'आंबे' म्हटल्यावर निदान आंबा एक नाही हे कळतं. मीटर एक असो की दहा, मीटरच.

तोवर लिंगाचा प्रश्न मी चवीचा प्रश्न समजत होतो. ईमेल आला, आली की आलं यावर चहाच्या टपरीवर वाद घालावा आणि आपापल्या घरी जावं, इतपतच. बाग, वेळ, ढेकर असल्या घरच्या शब्दांचंही आपल्याकडे एकमत नाही, मग पाहुण्यांचं कुठून होणार? पण ताईंनी त्याच संध्याकाळी वही काढली आणि पुस्तकातली इंग्रजीतून आलेली सगळी नामं एकाखाली एक लिहून काढली.

बरीचशी विनातक्रार जागेवर बसली. परका शब्द मराठीत शिरला की तो मूळ गावचं लिंग बरोबर आणतोच असं नाही. बादली पोर्तुगिजांकडून आली. तिकडे तो शब्द पुल्लिंगी आहे, आपल्याकडे शेवटी 'ली' ऐकू आल्यावर त्याची ती झाली. बॅटरीचंही तसंच, शेवटी ई म्हणजे ती. काही शब्द आधीच्या शब्दाची जागा घेतात आणि त्याचं लिंगही घेतात. टेबल नपुंसकलिंगी झालं ते बहुधा मेजामुळे. 'टर', 'सर', 'मर' असे शेवट बहुतेक पुल्लिंगी जातात: तो स्टार्टर, तो सेन्सर, तो टायमर. हा नियम सापडल्याच्या आनंदात आम्ही होतो तोच पुस्तकातला सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द आडवा आला. मोटर. ती मोटर. तिला तो मोटर म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. पूर्वी मोटर म्हणजे मोटारगाडी आणि गाडी ती, म्हणून विहिरीवरचीही ती राहिली असावी. 'इंग' शेवटाच्या शब्दांनी तर नियमाची आशाच सोडायला लावली. मीटिंग ती, कारण सभा ती आणि बैठकही ती. पार्किंग मात्र ते. मग मोटरचं वाइंडिंग जळालं की जळाली?

हे घरी बसून ठरणारं नव्हतं. मी तालुक्याच्या गावी एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसलो. तिथे पहिला धडा मिळाला तो प्रश्न कसा विचारू नये याचा. "मामा, तुम्ही बेअरिंगला तो म्हणता, ती म्हणता की ते?" असं विचारलं की माणूस एकदम शाळेत जाऊन बसतो. मामांनी हातातला पाना खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाले, "ती असेल. नाही, ते." असल्या उत्तराला काही किंमत नाही. मग मी गप्प राहिलो आणि नुसतं विचारलं, "काल काय काय कामं आली?"

"काल ना, वरच्या वस्तीची मोटर आली, कॉइल जळाली तिची. एक फेज गेला होता, तशीच चालवली. दुसरीचं बेअरिंग गेलं. एकाची केबल उंदरांनी खाल्ली. आणि डीपी जळालीय म्हणून चार दिवस लाइट नाही, ते वेगळंच."

एका दमात पाच शब्द निकालात. बिघाडाची गोष्ट भूतकाळात सांगितली जाते आणि भूतकाळात मराठी क्रियापद लिंग लपवू शकत नाही. भविष्यकाळात ते अगदी सहज लपतं. 'मोटर थांबेल, पंप थांबेल, पॅनेल बंद होईल' यातून कोणाचंच लिंग कळत नाही. 'दाबा', 'जोडा', 'तपासा' यांतूनही नाही. म्हणून सूचनांची पानं भराभर होतात आणि बिघाडाच्या तक्त्यात येऊन आपण आपटतो.

मीटरचं मात्र दुकानातही मिटलं नाही. मामा म्हणाले, "मीटर जळालाय." त्यांच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, "मीटर जळालं नाही, वायर सुटलीय." एक-एक बरोबरी. तेव्हा आम्ही दुसरी कसोटी लावली. दोन्ही लिंगं लोकांच्या तोंडी असतील तर ज्या लिंगात वाचणारा कमी फसेल ते घ्यायचं. तो मीटर घेतला तर एक 'पडला' आणि दोन 'पडले', फरक डोळ्यांना दिसतो. ते मीटर घेतलं तर एक 'पडले' आणि दोन 'पडली', आणि ही 'पडली' वाचून कुणाला एखादी स्त्रीलिंगी वस्तू पडल्यासारखं वाटायचं. तो मीटर ठरला. ताईंनी वहीत लिहिलं, पण चेहऱ्यावरून मन वळलेलं दिसत नव्हतं.

लाइटचं प्रकरण आणखी मजेचं निघालं. थ्री फेजच्या पॅनेलवर तीन छोटे दिवे असतात, लाल, पिवळा आणि निळा, एकेका फेजला एकेक. तिन्ही लागले तर मोटर चालू करायची. एक लागला नाही तर तो फेज आलेला नाही, तशी मोटर चालवली की वाइंडिंग जळतं. (हो, शेवटी नपुंसकलिंगच घेतलं.) मी या दिव्यांना 'लाइट' लिहिलं होतं आणि कुठे पिवळा लाइट, कुठे पिवळी लाइट करून ठेवलं होतं. लाल लाइट असेल तिथे चूक दिसलीच नाही, कारण लाल हा शब्द लिंगाला दाद देत नाही. लाल दिवा, लाल केबल, लाल बटण. पिवळा आणि निळा लगेच चुगली करतात. तेव्हापासून कुठल्याही मजकुरात एखाद्या शब्दाला दोन लिंगं लागलीत का हे बघायचं असेल तर मी आधी हिरवा-पिवळा-निळा शोधतो, मग नवा-जुना, मग चा-ची-चे. संगणकावर शोधलं की बरंच सापडतं. सापडत नाही ते सर्वनाम, कारण ते दोन वाक्यं पुढे जाऊन बसलेलं असतं.

बरं, पिवळी लाइट म्हणावं तर खेड्यात 'लाइट आली' म्हणजे वीज आली. 'लाइट आल्यावर तिन्ही लाइट लागतात' हे वाक्य लिहून मी ते स्वतःच मोठ्याने वाचलं आणि खोडलं. इथे लिंग ठरवत बसण्यापेक्षा शब्दच बदलला. पॅनेलच्या दारावर लागतो तो दिवा, आणि वीज येते ती वीज.

सर्वनामांनी शेवटपर्यंत छळलं. 'मोटरची केबल तपासा. ती गरम लागत असेल तर पॅनेल बंद करा.' ती कोण, मोटर की केबल? चाललेली मोटर थोडी गरम लागतेच. केबल गरम लागणं म्हणजे ती कमी जाडीची तरी आहे किंवा जोड ढिला तरी. दोन्ही स्त्रीलिंगी, त्यामुळे 'ती' काहीच सांगत नाही. याउलट 'केबल पॅनेलला जोडा आणि ती घट्ट बसली आहे का ते बघा' यात कसलाही गोंधळ नाही, कारण पॅनेल ते आहे. तीन लिंगं ही कटकट वाटते, पण अशा ठिकाणी तीच बोट दाखवून सांगतात की मी हिच्याबद्दल बोलतोय. अर्थात दोघांनी मिळून पॅनेलला ते म्हटलं तरच. आम्ही नियम केला की एका वाक्यात एकाच लिंगाच्या दोन वस्तू आल्या तर सर्वनाम वापरायचं नाही, नाव पुन्हा लिहायचं. पुस्तक थोडं रटाळ झालं, होऊ दे.

वहीचा शेवटचा खर्डा साधा होता. शब्द, तो-ती-ते, अनेकवचन आणि एक बिघाडाचं वाक्य. 'कॉइल, ती, कॉइली, कॉइल जळाली.' हे वाक्य महत्त्वाचं. नुसतं 'स्त्री.' लिहिलेलं कुणी बघत नाही, वाक्य मात्र कानात राहतं. अनेकवचनावरून थोडी भांडणं झाली, 'केबली' ताईंना रुचेना, 'केबल्स' मला. शेवटी 'सर्व केबल' लिहून दोघांनी हत्यारं खाली ठेवली.

छपाईआधीची प्रत घेऊन आम्ही दोघं रिक्षाने निघालो. अर्ध्या वाटेत ताईंनी पुढे वाकून विचारलं, "दादा, मीटर टाकला नाही का?" मुद्दाम 'टाकला' म्हणाल्या, माझ्याकडे बघत.

रिक्षावाल्याने मागे न बघताच सांगितलं, "बंद पडलंय ताई मीटर, कालपासून."