मामेभावाचा लिंक्डइन परिचय

मामेभाऊ पुण्याहून सोलापूरला आलाय, इंजिनिअरिंग मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करतोय. आज दुपारी त्याचा लिंक्डइनवरचा परिचय नव्याने लिहायला बसलो. (शेंगाचटणी-भाकरीनंतर, त्यामुळे वेग बेताचाच.)

पहिलं वाक्य होतं, ‘मी जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये पेमेंट सिस्टिम्स बांधतो.’ खोटं काहीच नाही, पण हे वाचून कुणीही त्याला डेव्हलपरचीच जागा देईल. त्यात परिचय पूर्ण उघडायच्या आधी वरच्या मोजक्याच ओळी दिसतात. विचारलं, माणसांचं काय केलंस रे? ‘काही नाही दादा, मी मॅनेजर कुठं होतो!’ मग हळूहळू निघालं: दोन ज्युनिअर तयार केले, मुलाखती घेतल्या, रात्रीच्या ऑन-कॉलच्या पाळ्या नव्याने लावल्या.

आता सुरुवात अशी: ‘मी पेमेंट टीमचा टेक लीड आहे. मी शिकवलेले दोघे आज स्वतः रिलीज सांभाळतात. आता हेच काम पूर्णवेळ करायचं आहे.’

‘टीम मॅनेज केली’ हे त्याला हवं होतं, मी खोडलं. अप्रेझल, पगारवाढ त्याच्याकडे नव्हतीच. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडकला असता. जावा शेवटच्या ओळीत गेलं. त्यावरून अजून कुरकुर चालू आहे.