यंत्र दर विचारते तेव्हा: पहिल्या परदेश प्रवासातले पैशांचे व्यवहार

पहिल्या परदेश प्रवासाला निघण्यापूर्वी आमच्या प्रवास कंपनीने सर्वांना एक मार्गदर्शक पुस्तिका दिली होती. तिच्यातला विमानतळाचा भाग मला फारसा नवा नव्हता. पासपोर्टवरील नाव आणि तिकिटावरील नाव अक्षरशः सारखे असावे, पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवावी, अशा सूचना एकदा वाचल्या की पुरतात. परकीय चलनाविषयीचे पान मात्र मी पेन्सिलीने खुणा करत वाचले, कारण तिथे एक साधेच पण महागात पडू शकणारे प्रकरण नीट समजावून दिले होते.

विमानतळावरच्या चलन बदलून देणाऱ्या खिडकीवर फलकावर दोन दर असतात, एक खरेदीचा आणि एक विक्रीचा. ‘शुल्क नाही’ असे ठळक लिहिलेले असले, तरी खिडकीचा नफा या दोन दरांमधल्या फरकातच असतो. म्हणून पहिल्या दिवसाचे वाहन आणि जेवण भागेल इतकीच रोकड आधीपासून जवळ ठेवावी आणि उरलेली गरज उतरल्यावर एखाद्या बँकेच्या एटीएममधून भागवावी, असा सल्ला पुस्तिकेत होता. मी तसेच केले.

इमिग्रेशन आणि सामानाचा पट्टा ओलांडून बाहेर आल्यावर मी एटीएममध्ये कार्ड घातले आणि तिथल्या चलनातली ३०० एककांची रक्कम निवडली. त्यानंतर पडद्यावर माझ्याच देशाच्या चलनातला आकडा आला आणि खाली Accept Conversion व Decline Conversion अशी दोन बटणे दिसली. आपल्या ओळखीच्या चलनातला आकडा पाहून मनाला धीर येतो, आणि नेमका तिथेच माणूस फसतो. समजा, कार्डाच्या जाळ्याचा, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या कंपनीचा, दर एका एककाला २० आहे आणि यंत्राने २१.२० लावला आहे. रूपांतर स्वीकारल्यास खात्यातून ६३६० जातील. नाकारल्यास जाळ्याच्या दराने ६००० होतील आणि त्यावर आपल्या बँकेने २ टक्के परकीय व्यवहार शुल्क लावले तरी रक्कम ६१२० च्या पुढे जात नाही. शिवाय काही बँका रूपांतर स्वीकारल्यानंतरही आपले शुल्क लावतात. एटीएम चालवणाऱ्याचे शुल्क असल्यास ते वेगळे असते आणि दोन्ही पर्यायांत ते द्यावेच लागते.

नाकारले तर व्यवहारच रद्द होईल, अशी भीती माझ्या मागे उभ्या असलेल्या सहप्रवासी काकूंना वाटत होती. ती स्वाभाविकही आहे, कारण त्या बटणाची भाषा मुद्दामच तशी घाबरवणारी असते. मी Decline दाबले, क्षणभर यंत्र घरघरले आणि नोटा नेहमीप्रमाणे बाहेर आल्या. रूपांतर नाकारल्याने फक्त दर ठरवण्याचे काम यंत्राकडून आपल्या कार्डाकडे जाते.

दुकानातल्या कार्डयंत्रावर अधिक सावध राहावे लागते, कारण तिथे हा पर्याय कधीकधी विक्रेताच आपल्याला न विचारता निवडून टाकतो. पावतीवर दोन चलनांतल्या रकमा आणि त्यांच्यामधला दर छापलेला दिसला, तर रूपांतर झाले असे समजावे आणि तिथेच, काउंटरवरून हलण्यापूर्वी, व्यवहार रद्द करून स्थानिक चलनात पुन्हा करायला सांगावे. नंतर बँकेकडे तक्रार करून पैसे परत मिळवणे बरेच कठीण जाते.

याच पानाशी सिमकार्डाचा प्रश्न जोडलेला होता, आणि पुस्तिकेतली मला सर्वांत उपयोगी वाटलेली सूचना हीच. ऑनलाइन पैसे भरताना बँकेचा ओटीपी आपल्या घरच्या क्रमांकावर येतो. परदेशी सिम घालण्यासाठी घरचे सिम काढून ठेवले, तर कार्ड चालू असूनही ऑनलाइन व्यवहार अडकतो. म्हणून मी निघण्यापूर्वीच, वाय-फाय असताना, वेगळे कार्ड न घालता चालणारे ई-सिम फोनमध्ये बसवून घेतले, कारण ते डाउनलोड करून घ्यायला इंटरनेट लागते. घरच्या सिमचे रोमिंग संदेशांपुरते चालू ठेवले, त्याचे डेटा रोमिंग बंद केले आणि इंटरनेटसाठी ई-सिमची निवड केली. फोन ई-सिम चालणारा आणि कोणत्याही कंपनीला न बांधलेला असला पाहिजे, हे अर्थात आधी तपासावे लागते.

हॉटेलमध्ये खोली देताना कार्डावर अनामत रक्कम रोखून धरतात. ती क्रेडिट कार्डावर दिल्यास फक्त मर्यादा तात्पुरती कमी होते, पण आधी पैसे भरलेल्या फॉरेक्स कार्डावर दिल्यास आपलीच शिल्लक अडकते आणि खोली सोडल्यानंतरही ती मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात. म्हणून मी स्वागतकक्षात क्रेडिट कार्ड दिले आणि फॉरेक्स कार्ड रोजच्या खर्चासाठी मोकळे ठेवले.