पहिला ग्राहकगट निवडताना : गेजच्या यादीने दिलेले उत्तर

पुण्यात आम्ही दोघा भागीदारांनी कारखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर तयार केले. सुट्या भागांचे माप तपासणाऱ्या गेजपैकी कोणत्या गेजचे कॅलिब्रेशन, म्हणजे तो अचूक आहे की नाही याची लॅबमधली तपासणी, कधी करायचे, तो सध्या कोणत्या मशीनवर आहे आणि त्याचे प्रमाणपत्र कुठे आहे, एवढेच ते सांभाळते. विक्रीच्या पहिल्या आराखड्यात ग्राहक म्हणून आम्ही ‘वाहन उद्योगातील कारखाने’ असे लिहिले होते. त्या तीन शब्दांत किती वेगवेगळे ग्राहक दडलेले आहेत, हे कळायला आम्हाला जवळपास वर्ष लागले.

सुरुवात आम्ही एका मोठ्या कंपनीपासून केली, कारण तिचे नाव दाखवले की बाकीचे कारखाने आपोआप येतील अशी आमची समजूत होती. तेथील क्वालिटी विभागाला सॉफ्टवेअर आवडले, पण त्यानंतर व्हेंडर नोंदणी, आयटी विभागाची सुरक्षाविषयक प्रश्नावली आणि पर्चेसच्या बैठका यांत सात महिने गेले आणि अखेर त्या वर्षीचे बजेट संपले असे उत्तर आले. मग आम्ही भोसरीतल्या पाच-सहा मशीनच्या जॉबवर्क करणाऱ्या छोट्या वर्कशॉपकडे वळलो. तिथे मालक पहिल्याच भेटीत निर्णय देत, पण त्यांच्याकडे गेज असत जेमतेम वीस आणि त्यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मावत. त्यांना अडचणच नव्हती.

खरी अडचण सापडली ती मधल्या कारखान्यांत, म्हणजे मशीनिंग करून मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या, शे-दोनशे कामगारांच्या आणि आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगातील गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांत. हे प्रमाणपत्र तीन वर्षांचे असले तरी मधल्या काळात देखरेखीची ऑडिट होतात, शिवाय ग्राहक कंपन्यांची स्वतःची ऑडिट वेगळी. चाकणच्या एका कारखान्यातल्या क्वालिटी हेडने मला जे घडले ते जागेवर उभे राहून दाखवले. ऑडिटरने चालू मशीनशेजारचा एक प्लग गेज उचलला, त्यावर कोरलेला क्रमांक वाचला आणि त्याचे प्रमाणपत्र मागितले. एक्सेलमध्ये तो गेज ‘स्क्रॅप’ म्हणून नोंदलेला होता, प्रत्यक्षात त्यावर रोज माल तपासला जात होता. नोंदवली गेलेली त्रुटी कागदावर एका ओळीची होती, पण त्या गेजने आधी तपासलेल्या मालाचे काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्यांचे पुढचे कित्येक दिवस गेले.

त्या भेटीनंतर आम्ही गटाची व्याख्या बदलली. उद्योग आणि कामगारसंख्या यांच्याबरोबर आम्ही दोन अटी घातल्या : गेज तीनशेच्या वर असावेत आणि पुढचे ऑडिट चार महिन्यांच्या आत असावे. दुसरी अट अधिक महत्त्वाची ठरली. ऑडिट नुकतेच पार पडलेला क्वालिटी हेड मनापासून ऐकून घेतो, पण मालकाकडे पैसे मागायला जात नाही. आणि ऑडिट पंधरा दिवसांवर आले असेल तर त्याला नवीन काही बसवून घेण्याची सवड नसते.

विक्रीची पद्धतही याच व्याख्येतून ठरली. जाहिरात आणि ईमेल बाजूला ठेवून आम्ही दोघे स्वतः जाऊ लागलो. आमची तयार प्रात्यक्षिके दाखवणे थांबवले आणि भेटीआधी त्यांचीच गेजची यादी मागू लागलो. ती यादी सॉफ्टवेअरमध्ये भरून समोर ठेवली की मुदत उलटलेले आणि दोनदा नोंदलेले गेज लाल रंगात दिसत, आणि तोच पडदा घेऊन क्वालिटी हेड मालकाच्या केबिनमध्ये जाई. वापरणारा तो आणि सही मालकाची, त्यामुळे मालकाशी बोलण्यासाठी त्याच्या हातात काहीतरी देणे हेच आमचे काम होते. त्या काळात आम्ही २३ कारखान्यांत गेलो. त्यांपैकी नऊ जणांनी यादी पाठवली आणि सहा जणांनी खरेदी केली. उरलेल्या १४ जणांपैकी अनेकांनी तोंडभरून कौतुक केले, पण यादी पाठवली नाही आणि त्यांच्यापैकी एकानेही विकत घेतले नाही. तेव्हापासून यादी हातात येईपर्यंत मी कोणालाही संभाव्य ग्राहकांत मोजत नाही.

कॅलिब्रेशन लॅबमार्फत विक्री करण्याचाही प्रयत्न केला, कारण गेज कधी येतात हे त्यांना आधीच माहीत असते. मात्र तारखा ग्राहकाच्या हातात गेल्या तर तो दुसऱ्या लॅबकडे जाईल, ही त्यांची भीती खरी होती आणि कमिशनने ती गेली नाही. दोन लॅब आजही ओळख करून देतात, त्यापलीकडे तो मार्ग गेला नाही.

किंमत आम्ही वर्षाला ३६,००० रुपये ठेवली. महिना ३५,००० रुपये पगाराचा विक्रेता ठेवला आणि त्याने महिन्याला दोन कारखाने आणले, तर पहिल्या वर्षाचे ७२,००० रुपये येतात आणि प्रवासखर्च धरूनही गणित बसते. छोटी वर्कशॉप वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तयार होती. तिथे तेवढ्याच रकमेसाठी १२ गिऱ्हाइके लागली असती, म्हणून तो गट आम्ही सध्या सोडून दिला आहे. गेल्या महिन्यात पहिला विक्रेता रुजू झाला. त्याला दिलेल्या वहीत प्रत्येक कारखान्यापुढे पत्ता आणि क्वालिटी हेडचे नाव यांच्या आधीचा रकाना ऑडिटच्या महिन्याचा आहे.